बयानातून काय वगळावे?

जुम्याच्या बयानात जे सांगितले जाते ते मशिदीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येते. जे वगळले गेले, ते मात्र एकट्या बोलणाऱ्याला ठाऊक असते. श्रोता सांगितलेल्या गोष्टीची शहानिशा करू शकतो, आलिमांना विचारू शकतो, ग्रंथ उघडून पाहू शकतो. न सांगितलेल्या गोष्टीबद्दल तो प्रश्नही विचारू शकत नाही, कारण ती होती हेच त्याला माहीत नसते. म्हणून लिहिलेले लांब बयान कापून बोलण्याजोगे करणे हे वरवर कारागिरीचे काम दिसले, तरी मुळात ते अमानतीचे काम आहे. कोणत्या ओळीवर काट मारली आणि का मारली, हा प्रश्न बोलणाऱ्याला एकांतात सोडवावा लागतो.

संक्षेप करणे योग्य की अयोग्य, हा वाद येथे नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांनी थोडक्यात आणि परिणामकारक खुतबा दिला, तेव्हा लोक म्हणाले की आणखी थोडे बोलला असता तर बरे झाले असते. त्यावर त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली: नमाज दीर्घ आणि खुतबा आटोपशीर असणे हे माणसाच्या धर्मसमजेचे लक्षण आहे. ही शिकवण अरबी खुतब्याबद्दल आहे. परंतु आपल्याकडे खुतब्यापूर्वी उर्दूत किंवा मराठीत जे बयान होते, त्यालाही तिचा आशय लागू पडतो असे मला वाटते. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) लोकांना दर गुरुवारी उपदेश करीत. रोज करावा अशी विनंती झाली, तेव्हा लोक कंटाळतील या भीतीने त्यांनी ती मानली नाही. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. ऐकणाऱ्याचा वेळ आणि त्याची लक्ष देण्याची शक्ती ही त्याची मालमत्ता आहे, ही जाणीव या दोन्ही प्रसंगांत दिसते.

भूमसारख्या तालुक्याच्या गावी जुम्याला येणारा माणूस कामातून उठून आलेला असतो. कोणी खव्याच्या भट्टीवरून येतो, कोणी दुकानाचे अर्धे दार ओढून, कोणी तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिता लिहिता. नमाजनंतर त्याला पुन्हा रोजीच्या शोधात पांगायचे असते आणि सूरह जुमुआने तशी मुभाही दिलेली आहे. त्यामुळे घड्याळ हे बयानाचे शत्रू नाही, ती एक रास्त मर्यादा आहे. प्रश्न एवढाच, की त्या मर्यादेच्या नावाखाली आपण नेमके काय कापतो?

हे एका उदाहरणाने पाहू. विषय घेऊ वारशातील मुलींच्या वाट्याचा. समजा, लिखित बयान १४ पाने, सुमारे ३००० शब्दांचे आहे. मशिदीत स्पष्ट आणि सावकाश बोलताना माझ्या हिशेबाने मिनिटाला १०० शब्दांच्या आसपास होतात. म्हणजे हे बयान अर्ध्या तासाचे झाले. हाताशी मिनिटे आहेत २०. त्यातील दोन मिनिटे आयतीच्या पठणाला आणि चार मिनिटे थांबण्यांना लागतात. उरतात १४ मिनिटे, म्हणजे १४०० शब्द. याचा अर्थ निम्म्याहून अधिक मजकूर जाणार. भराभर वाचून ३००० शब्द २० मिनिटांत कोंबता येतील, पण सिमेंटच्या छताखाली ध्वनिक्षेपकाचा आवाज घुमतो आणि एका शब्दाचे शेपूट दुसऱ्या शब्दावर पडते. ते बोलणे होईल, ऐकणे होणार नाही. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याप्रमाणे प्रेषित (स.) असे बोलत, की मोजणाऱ्याने शब्द मोजायचे ठरवले तर मोजता यावेत.

कात्री हाती घेण्यापूर्वी एक वाक्य लिहून समोर ठेवावे: हे बयान ऐकून मशिदीबाहेर पडणाऱ्याने काय करावे? आपल्या उदाहरणात ते वाक्य असे: ज्याच्या घरी वडिलांच्या मालमत्तेची वाटणी झालेली नाही, त्याने बहिणीचा वाटा किती होतो हे काढून या महिन्यात तिला जाऊन सांगावे. हे वाक्य लिहिल्यावर १४ पानांतील प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारता येतो: तू या कामाला उपयोगी पडतोस का? असे वाक्य नसेल तर कापणे आवडीनिवडीवर चालते, आणि बोलणाऱ्याला स्वतःच्या लेखनातील सर्वांत सुंदर परिच्छेद सर्वांत आवश्यक वाटू लागतो.

यापुढचे मार्गदर्शन मला मदरशातील तजवीदच्या तासांत सापडते. आपल्या उपखंडात छापल्या जाणाऱ्या कुरआनच्या प्रतींत ओळींवर बारीक अक्षरे असतात. ही थांबण्याची चिन्हे हिजरी सहाव्या शतकातील विद्वान सजावंदी यांच्या पद्धतीवर आधारलेली आहेत. ‘मीम’ असेल तेथे थांबणे आवश्यक, ‘जीम’ असेल तेथे थांबले तरी चालते, ‘ला’ असेल तेथे थांबू नये. यांमागचे तत्त्व एकच आहे, की थांबल्यामुळे अर्थ बिघडता कामा नये. सूरह निसाच्या ४३व्या आयतीचे उदाहरण प्रत्येक विद्यार्थी शिकतो. नशेत असताना नमाजच्या जवळ जाण्याची तेथे मनाई आहे. अरबी वाक्यात मनाई आधी येते आणि नशेची अट नंतर. वाचणारा अट येण्यापूर्वीच थांबला, तर त्याने उच्चारलेला प्रत्येक शब्द कुरआनचा असूनही ऐकणाऱ्याला नमाजच निषिद्ध आहे असा अर्थ मिळेल. शब्द खरे आणि अर्थ खोटा, हे केवळ कोठे तोडले यावर घडते.

बयान कापतानाही नेमके हेच घडते. म्हणून लिखित बयानाच्या समासात मी ही तीनच चिन्हे वापरावीत असे सुचवितो. जो मजकूर राहिलाच पाहिजे त्याला ‘मीम’. जो गेला तरी उरलेले खरे राहते त्याला ‘जीम’. आणि जो एखाद्या विधानाला अटीसारखा चिकटलेला आहे, ज्याला काढले तर शेजारचे वाक्य खोटे पडेल, त्याला ‘ला’. ‘ला’ची खूण असलेला मजकूर एकटा जाऊ शकत नाही. तो आपल्या विधानासह राहील किंवा विधानासह जाईल.

आता ही चिन्हे लावून पाहू. बयानाचा आरंभ ५०० शब्दांच्या इतिहासाने होतो: इस्लामपूर्व अरबस्तानात स्त्रियांना वारसा नसे, इतर संस्कृतींत काय स्थिती होती, इत्यादी. हे सारे खरे आहे, पण भूममधील भावाला वाटणी करण्यासाठी ते लागत नाही. ‘जीम’. दोन वाक्ये ठेवून बाकी सोडावे. पुढे ४०० शब्दांत पाच हदीसी आहेत, प्रत्येकीची कथनपरंपरा आणि ग्रंथ यांसह. वाचणाऱ्याला संदर्भ शोधता येतो, ऐकणाऱ्याला पाच नावांनंतर पहिले आठवत नाही. एक हदीस ठेवावी, तिचा ग्रंथ सांगावा, कथनपरंपरा लिखित प्रतीत राहू द्यावी. कोणी विचारले तर ती दाखविता येते.

त्यानंतर येतात निश्चित वाटेकरी, उर्वरिताचे वारस आणि वाटे कमी-अधिक झाल्यास करायचे हिशेब, असे ६०० शब्द. फिक्हच्या विद्यार्थ्याला हे अनिवार्य आहे. परंतु कानाने अपूर्णांकांची बेरीज होत नाही. याच्या जागी एकच हिशेब द्यावा आणि तो श्रोत्याच्या मापात द्यावा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, हे आपल्याकडे शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. तर समजा, एक माणूस वारला. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि एक एकर जमीन. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ गुंठे. उरले ३५. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून दोन मुलांचे चार भाग आणि मुलीचा एक, असे पाच भाग. प्रत्येक भाग ७ गुंठ्यांचा. मुलीचे ७, प्रत्येक मुलाचे १४. एकूण ४०. हा हिशेब मनात मावतो आणि घरापर्यंत टिकतो.

येथेच ‘ला’ची खरी परीक्षा होते. वरील हिशेबाला दोन अटी चिकटलेल्या आहेत. पहिली, मृताचे दफन, त्याचे कर्ज आणि एक तृतीयांशाच्या आतील वसीयत आधी भागली पाहिजे, आणि कर्जात पत्नीचा न दिलेला महरही मोडतो. दुसरी, मृताचे आईवडील वा आजी-आजोबा हयात नसले पाहिजेत. आईवडील हयात असतील, तर मुले असतानाही त्या प्रत्येकाचा सहावा हिस्सा असतो आणि सारे आकडे बदलतात. वेळ वाचविण्याच्या घाईत ही दोन वाक्येच सर्वांत सहज गळतात, कारण ती हिशेबाच्या ओघात अडथळ्यासारखी भासतात. ती गळली, तर समोर बसलेला एखादा भाऊ म्हाताऱ्या आजीचा किंवा सावकाराचा हक्क अनवधानाने बुडवेल आणि म्हणेल, इमामसाहेबांनीच असे सांगितले होते. तीस सेकंद वाचतील आणि एकाचा हक्क जाईल. म्हणून एक तर या दोन अटींसह हिशेब सांगावा, नाहीतर हिशेबच सांगू नये. मधला मार्ग नाही.

पुढचा परिच्छेद ७०० शब्दांचा आहे आणि बहुधा बोलणाऱ्याच्या आवडीचा. मुलीला मुलाच्या निम्मे का, या आक्षेपाला त्यात सविस्तर उत्तर आहे: महर, पोटगीची जबाबदारी, कुटुंबाचा खर्च. युक्तिवाद सुसंगत आहे. तो सांगताना आवाज चढतो आणि श्रोते माना डोलावतात. पण हा आक्षेप घेणारा त्या मशिदीत बसलेला नसतो. बसलेल्यांपुढचा प्रश्न निराळा आहे: जे निम्मे अल्लाहने ठरवून दिले, ते तरी आपल्या घरात दिले जाते का? अनुपस्थितांना दिलेले उत्तर उपस्थितांना सुखावते आणि त्यांची सुटका करते. हा परिच्छेद या बयानातून पूर्ण जावा. तो खोटा आहे म्हणून नव्हे, तर तो चुकीच्या माणसांना उद्देशून आहे म्हणून. एखाद्या चर्चासत्रात तो पुन्हा कामी येईल.

त्याउलट दोन परिच्छेद असे आहेत, की ज्यांना हात लावावासा वाटतो पण लावू नये. एक आहे, ‘तिच्या लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा वाटा’ या समजुतीबद्दल. बापाने हयातीत मुलीला दिलेले ती देणगी असते. वारसा मृत्यूनंतर उद्भवतो आणि त्या देणगीने तो फिटत नाही. दुसरा आहे हक्कसोड पत्राबद्दल. वडील गेल्यावर बहिणींना तालुक्याला आणून कागदावर सह्या किंवा अंगठे घेतले जातात आणि तिने खुशीने सोडले असे म्हटले जाते. उपखंडातील अनेक मुफ्तींनी स्पष्ट लिहिले आहे, की माहेर तुटेल या भीतीने किंवा लाजेकाजेस्तव सोडलेला हक्क हा मनापासून दिलेला हक्क नव्हे. तिला आधी तिचा वाटा किती हे कळले पाहिजे आणि तो तिच्या ताब्यात आला पाहिजे. त्यानंतर ती जे करील ते तिचे.

या परिच्छेदावर लेखणी का रेंगाळते? पहिल्या ओळींत बसणाऱ्या काही जणांच्या सातबाऱ्यावरून बहिणींची नावे अशीच गेलेली असू शकतात. मशिदीची व्यवस्था पाहणारे, इमामाचा पगार ठरविणारे लोकही गावचेच असतात. अशा वेळी घड्याळ फार सोयीचे ठरते. वेळ नव्हता, हे उत्तर कोणालाही पटते. म्हणून प्रत्येक कापलेल्या परिच्छेदासमोर समासात कारण लिहावे, एकाच शब्दात: पुनरुक्ती, अनावश्यक, अवघड, अप्रस्तुत. ज्याच्यासमोर यांपैकी एकही शब्द प्रामाणिकपणे लिहिता येत नाही आणि तरीही तो कापावासा वाटतो, त्याच्यासमोर ‘भीती’ हा शब्द लिहून पाहावा. तो बसला, तर परिच्छेद परत घ्यावा आणि त्याच्यासाठी दुसरे काहीतरी कमी करावे.

यावर कोणी म्हणेल, की हिकमत नावाचीही काही गोष्ट आहे. प्रत्येक सत्य प्रत्येक ठिकाणी बोलायचे नसते. हे रास्त आहे. याच लिखित बयानात एक उदाहरण असू शकते: शेजारच्या गावातील अमुक तीन भावांचे, त्यांच्या बहिणीचे, विहिरीशेजारच्या तुकड्याचे. नाव घेतले नाही तरी अर्धी मशीद त्यांना ओळखेल. हे उदाहरण कापलेच पाहिजे. एखाद्याची चूक दिसली की प्रेषित (स.) नाव न घेता, काही लोक असे असे करतात, हे काय आहे, या प्रकारे बोलत. मग ही काट आणि भीतीची काट यांत फरक कसा करावा? मला एक कसोटी उपयोगी वाटते. वगळल्यामुळे कोणाचे रक्षण होते ते पाहावे. जो बोलू शकत नाही, त्या बहिणीची किंवा त्या कुटुंबाची अब्रू राखली जात असेल, तर ती हिकमत. ज्याच्या हाती आधीच सत्ता आहे त्याची नाराजी आणि बोलणाऱ्याची भाकरी एवढेच राखले जात असेल, तर ती भीती. दोन्ही काटांची शाई एकाच रंगाची असते, म्हणून कारण लिहून ठेवणे आवश्यक.

आता उरलेल्या १४०० शब्दांचे टिपण. पूर्ण मजकूर समोर ठेवून वाचला तर नजर कागदात अडकते. केवळ मुद्दे घेऊन उभे राहिले तर जीभ आपल्या सवयीच्या वाटेने जाते, आणि अटी नेमक्या तेव्हाच गळतात. म्हणून टिपणात काही गोष्टी शब्दशः लिहाव्यात: आयत आणि तिचा अर्थ, हदीसीचा आशय, सर्व आकडे, ‘ला’च्या खुणेच्या सर्व अटी, पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य. बाकी दोन-तीन शब्दांच्या खुणा पुरतात. हे सारे मोठ्या अक्षरात कागदाच्या एका पाठपोट पानावर मावले पाहिजे. मिंबराजवळ पाने उलटण्याचा आवाज ध्वनिक्षेपक मोठा करून ऐकवतो.

थांबण्याचे दोन प्रकार ठेवावेत. तजवीदमध्ये वक्फ म्हणजे आवाज तोडून नवा श्वास घेणे, आणि सक्ता म्हणजे श्वास न घेता क्षणभर आवाज रोखणे. आपल्याकडे रूढ असलेल्या हफ्स यांच्या पठणात सक्ता फक्त चार ठिकाणी आहे. तोच संयम टिपणातही असावा. एका दंडाने साधा श्वास दाखवावा. दोन दंडांनी दीर्घ थांबा, मनात तीनदा सुब्हानल्लाह म्हणता येईल इतका. आडव्या रेघेने सक्ता, महत्त्वाच्या शब्दाच्या अगदी आधी. अधोरेखन वाक्यात एकाच शब्दाचे, आणि तेही सर्व वाक्यांत नव्हे. सगळेच शब्द ठासून बोलले तर कोणताच ठासला जात नाही. हिशेबाचा भाग टिपणात साधारण असा दिसेल:

आईवडील आधीच गेलेले। आजी-आजोबा नाहीत। कर्ज फेडले। महर दिला। वसीयत भागली॥
मागे: पत्नी। दोन मुलगे। एक मुलगी। एक एकर॥
पत्नी – ५ गुंठे॥ उरले ३५॥
मुलगा प्रत्येकी १४, आणि मुलगी – ७॥
हे सात गुंठे कोणाचे?॥

तिसऱ्या ओळीतील दीर्घ थांबे पाहावेत. तेथे श्रोता मनात वजाबाकी करीत असतो. त्याला अवकाश न देता पुढे गेले, तर तो आपल्यामागे राहतो आणि पुन्हा गाठ पडत नाही. चौथ्या ओळीत मात्र ‘१४’नंतर दंड नाही, हे मुद्दाम. मुलाचा वाटा सांगून थांबले, तर अर्ध्या श्रोत्यांना हवे ते मिळालेले असते आणि कान मिटतात. ‘आणि’ने दोन्ही वाटे एका श्वासात जोडले म्हणजे ती फट राहत नाही. मुलाचा वाटा मुलीच्या वाट्याच्या मापाने सांगण्याची आयतीची रीत तफसीरकारांनी दाखवून दिलेली आहे. आपला थांबा त्या रीतीच्या विरुद्ध जाऊ नये.

ठासून बोलायचा शब्द निवडताना मराठीचे व्याकरण आपल्या मदतीला येते. ‘बहिणीला वाटा द्या’ आणि ‘बहिणीचा वाटा द्या’ या दोन वाक्यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. पहिल्यात भाऊ दाता होतो आणि देण्याचे श्रेय घेतो. दुसऱ्यात तो जवळ राहिलेली दुसऱ्याची वस्तू परत करतो. शरियतचा अर्थ दुसरा आहे. टिपणात ‘बहिणीचा’ या शब्दाखाली रेघ असावी आणि बोलताना जोर त्यावरच पडावा. जोर ‘द्या’वर पडला, तर वाक्य तेच राहूनही औदार्याचे आवाहन बनते.

एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याची वाक्ये लिखित बयानातून उचलता येत नाहीत. वरील विवेचनावरून, पुढील परिच्छेदात, दुसरा मुद्दा असा की, ही सर्व कागदाची भाषा आहे. कानाला वर आणि खाली नसते. तेथे जोडवाक्य श्रोत्याच्या मनात त्या क्षणी उठणाऱ्या प्रश्नाचे असावे. हिशेबानंतर तो मनात म्हणत असतो: पण लग्नात दिले ना? तेच वाक्य आपण उच्चारावे आणि दीर्घ थांबावे. त्यानंतर तो म्हणतो: पण तिनेच सोडले. तेही उच्चारावे. अशी दोन जोडवाक्ये मिळाली, की तीन भाग एका धाग्यात येतात आणि क्रमांक सांगण्याची गरज उरत नाही. ही दोन्ही वाक्ये टिपणात शब्दशः, चौकटीत लिहावीत. बोलणारा भरकटला तर चौकटीपाशी परत येऊ शकतो.

घड्याळाने ऐनवेळी दगा दिला तर काय, हेही टिपणात आधी ठरलेले असावे. जमात जमायला उशीर होतो, वीज जाते, एखादी घोषणा करावी लागते, आणि २० मिनिटांची १२ होतात. अशा वेळी उभ्या उभ्या कापले, तर शेवटचा भाग जातो, आणि या बयानात शेवटचा भाग म्हणजे हक्कसोड. म्हणून कोणता भाग गेला तरी चालेल हे घरीच ठरवून त्याभोवती तुटक रेघ ओढावी. आपल्या उदाहरणात आरंभीची दोन वाक्ये आणि हदीस यांभोवती ती येईल. लग्नाच्या खर्चाचा भागही अर्धा होऊ शकतो. हिशेब, त्याच्या अटी, हक्कसोड आणि शेवटचे वाक्य यांभोवती ती येणार नाही. भीतीला संधी नेमकी अशा ऐनवेळी मिळते, म्हणून निर्णय ती येण्यापूर्वी घ्यावा.

बयान पोहोचले की नाही हे कसे ओळखावे? बयान छान झाले, हे वाक्य पुरावा नव्हे. ते सौजन्याचे असते. नमाजनंतर जोडे घालताना एखाद्या तरुणाला विचारावे: त्या एक एकरात मुलीचे किती? त्याने सात म्हटले, तर हिशेब पोहोचला. मग विचारावे: आजी हयात असती तर? बदलले असते, एवढे जरी तो म्हणाला, तरी अट पोहोचली. पहिले उत्तर आले आणि दुसरे आले नाही, तर पुढच्या खेपेस ‘ला’ची ओळ हिशेबाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोनदा सांगावी. प्रेषित (स.) आपली गोष्ट समजावी म्हणून ती तीनदा सांगत, असे हजरत अनस (रजि.) यांनी नोंदविले आहे. म्हणजे संक्षेप आणि पुनरुक्ती यांत विरोध नाही. दहा गोष्टी एकेकदा सांगण्यापेक्षा तीन गोष्टी दोनदा सांगणे कमी वेळात होते.

शेवटी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या अनेक मशिदींत जुम्याला स्त्रिया नसतात. जिच्या वाट्याबद्दल हे सारे बोलणे चालले आहे, ती बहीण ते ऐकत नाही. तिच्यापर्यंत जे जाईल ते भाऊ, मुलगा किंवा पती यांच्या तोंडून, आणि त्यांना जेवढे आठवेल तेवढेच. म्हणजे बयानाची एक काटछाट आपण करतो आणि दुसरी घरी जाणारा करतो. दुसरीवर आपला ताबा नाही. पण तिच्यातूनही ‘तिचे सात गुंठे’ आणि ‘अंगठा म्हणजे खुशी नव्हे’ हे दोन तुकडे वाचतील अशी पहिली काटछाट करणे आपल्या हाती आहे. भूमच्या भट्ट्यांवर दूध आटवणाऱ्याला ठाऊक असते, की खवा करताना उडून जायला हवे ते पाणी. बयान आटवतानाही तेवढेच उडावे. जे त्या अनुपस्थित बहिणीचे आहे, ते कढईत शिल्लक राहिले पाहिजे.

अल्लाह आपणा सर्वांना बोलण्यात आणि मौनात अमानत राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.